चारही पर्याय बावन्नच्या आसपास

*सादर नमस्कार सर,*

*मी बारावीत आहे. सुदामानगरात राहतो आणि जेईईसाठी भंवरकुआला क्लासला जातो. मागच्या टेस्टमध्ये हा प्रश्न होता: १५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने, आडव्या रेषेच्या ३० अंश वर फेकला. तो इमारतीच्या पायथ्यापासून किती अंतरावर पडेल? g = 10 m/s². पर्याय होते (अ) ५१.० (ब) ५२.० (क) ५२.८ (ड) ५४.० मीटर. माझं उत्तर ५४ आलं, मित्राचं ५१. बरोबर उत्तर ५२.० निघालं. क्लासमध्ये 'कॅल्क्युलेशन मिस्टेक' म्हणून विषय संपला, पण आमची दोघांची रीत तर तीच होती. पर्याय असे चिकटून असले की मी शेवटी अंदाजानेच खूण करतो. काय करू? आणि एक पैज लागली आहे: हाच चेंडू त्याच गच्चीवरून ४५ अंशांनी फेकला तर जास्त लांब जाईल ना?*

*— एक विद्यार्थी, इंदूर*

चिरंजीव,

पैजेत तू ४५ अंशांच्या बाजूने असशील तर मित्राला पोहे-जलेबी खाऊ घालायची तयारी ठेव. त्याकडे नंतर येतो. आधी ५४ कुठून आले ते बघू, कारण तुझी रफ शीट न पाहताही ते सांगता येतं.

कोऱ्या पानाच्या मधोमध एक उभी रेघ ओढ. डावीकडे लिही 'आडवं', उजवीकडे 'उभं'. डाव्या बाजूला चेंडूचा आडवा वेग येईल, 20 cos 30°, म्हणजे 10√3. त्याच्यावर आडव्या दिशेने कोणतंही बल नाही, म्हणून तो शेवटपर्यंत तेवढाच राहतो. उजव्या बाजूला उभा वेग येईल, 20 sin 30°, म्हणजे नेमका १०. हा मात्र दर सेकंदाला १० ने कमी होत जातो, शून्य होतो, मग उलट्या दिशेने वाढतो. दोन्ही बाजूंत सामाईक अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. चेंडू कधी पडेल हे फक्त उजवी बाजू ठरवते. तोवर किती पुढे गेला असेल हे फक्त डावी बाजू सांगते.

उजवीकडे वरची दिशा धन धरली आणि जमिनीपासून उंची मोजली तर:

y = 15 + 10t − 5t²

जमिनीवर y शून्य. पाचाने भागलं की t² − 2t − 3 = 0, म्हणजे (t − 3)(t + 1) = 0. वेळ ३ सेकंद. अंदाजे नाही, नेमके तीन. आता डावीकडे या: 10√3 × 3 = 30√3.

इथपर्यंत तू, तुझा मित्र आणि पेपर काढणारा, तिघंही एकाच जागी उभे आहात. फाटा फुटतो तो यापुढे. √3 म्हणजे १.७३२, म्हणून 30√3 म्हणजे ५१.९६, तेच ५२.०. मित्राने √3 ला १.७ धरलं, आडवा वेग १७ झाला आणि सतरा त्रिक एक्कावन्न. तू cos 30° म्हणजे ०.८६६ ला सरळ ०.९ केलंस, आडवा वेग १८ झाला आणि अठरा त्रिक चोपन्न. पेपर काढणाऱ्याला हे ठाऊक होतं. चारातले दोन पर्याय त्याने तुमच्यासारख्यांच्या घाईतून बनवलेत. राहिला ५२.८. कोणी सवयीने g ला ९.८ धरलं तर उजव्या बाजूला वेळ ३.०४६ सेकंद येते आणि अंतर ५२.७६. तोही पर्याय हवेतून आलेला नाही.

(जाता जाता: आपल्या इंदुरात g चं खरं मूल्य साधारण ९.७९ आहे. म्हणजे १० हेही खरं नाही आणि ९.८ हेही पुरतं नाही. पण परीक्षेत खरं-खोटं प्रश्नपत्रिकेवर लिहिलेलं असतं. आधी ती ओळ वाचायची आणि मग पेन उचलायचं.)

तेव्हा तुझी रीत चुकलेली नव्हती, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण 'कॅल्क्युलेशन मिस्टेक' म्हणूनही ते सुटत नाही, कारण गुणाकार तर तुझा बरोबरच आहे. बिघडलं ते एवढंच, की तू करणीचं दशांशात रूपांतर फार लवकर केलंस आणि तेही एकाच अंकात. पर्याय एकमेकांपासून दीड-दोन टक्क्यांवर असताना तू सुरुवातीलाच जवळजवळ चार टक्क्यांची सूट घेतलीस. म्हणून पर्यायांकडे बघायचं ते किती अचूक काम करायचं आहे हे ठरवण्यासाठी, आणि सोडवायला घेण्याच्या आधी. इथे ५२.० आणि ५२.८ शेजारी दिसताच कळायला हवं होतं की १.७ चालणार नाही, १.७३ लागेल. पर्याय २०, ३५, ५२, ७० असे असते तर तुझं ०.९ खुशाल चाललं असतं आणि मी तुला काही बोललोही नसतो.

आता मुख्य गोष्ट. सगळं सोडवून झालं, तरी दोन पर्यायांत मन अडकलं, तर अंदाज करायची गरज नाही. पर्याय उलटा चालवायचा. तो आडवं अंतर सांगतो. त्याला आडव्या वेगाने भाग, की तेवढं अंतर जायला लागलेली वेळ मिळते. ती वेळ उजव्या बाजूच्या समीकरणात घाल आणि बघ, चेंडू जमिनीवर आहे का.

५१ घे. ५१ भागिले १७.३२ म्हणजे २.९४ सेकंद. उजवीकडे १५ + २९.४ − ४३.२, म्हणजे १.२ मीटर. चेंडू अजून कमरेएवढ्या उंचीवर उडतो आहे. तो तिथे 'पडला' कसा म्हणायचं? आता ५२.८ घे. वेळ ३.०५ सेकंद. १५ + ३०.५ − ४६.५, म्हणजे उणे १.०. चेंडू मीटरभर जमिनीत गाडला गेला. तुझ्या ५४ ला वेळ ३.१२ सेकंद येते आणि चेंडू जवळजवळ अडीच मीटर खाली जातो. ५२.० ला मात्र तो जमिनीला टेकतो, इकडेतिकडे फार तर पाच-सात सेंटिमीटर, आणि तेही ५१.९६ ला ५२ म्हटल्यामुळे.

हे इतकं स्वच्छ का वेगळं होतं, ते समजून घे, कारण सगळीकडे असं होत नाही. पडताना चेंडूचा उभा वेग २० झालेला असतो: वर जाताना १०, तीन सेकंदांत ३० कमी, म्हणून उणे २०. आडवा वेग १७.३ आहे. म्हणजे शेवटच्या टप्प्यात चेंडू जितका पुढे सरकतो त्याहून थोडा जास्तच खाली येतो. आडव्या अंतरात एक मीटर चुकलं की उंचीत सव्वा मीटरच्या आसपास चूक दिसते. ती लपायला जागाच नाही.

हीच ताळ्याची रीत शिखराजवळ लावून बघ. चेंडू १ सेकंदाला सगळ्यात वर, २० मीटरवर असतो. ०.९ सेकंदाला किती? १५ + ९ − ४.०५ = १९.९५. आणि १.१ सेकंदालाही १९.९५. वेळेत दशांश सेकंदाची चूक झाली तरी उंची पाचच सेंटिमीटरने बदलली. तीच दशांश सेकंदाची चूक तिसऱ्या सेकंदापाशी केलीस तर दोन मीटर. म्हणून 'जास्तीत जास्त उंची किती' या प्रश्नात तू वेळ थोडी चुकलास तरी उत्तर बरोबर येऊ शकतं. आणि उलट, 'शिखरावर केव्हा पोचला' या प्रश्नात पर्यायातल्या वेळा उंचीच्या समीकरणात घालून ताळा करायला गेलास, तर ०.९, १.० आणि १.१ तिन्ही सारखेच खरे वाटतील. तिथे उंची सोड आणि उभ्या वेगाचं समीकरण घे, 10 − 10t. ते १ सेकंदाला शून्य होतं, ०.९ ला अजून १ उरतो. ज्या राशीचा बदल त्या क्षणी ठळक असतो, तिनेच ताळा करायचा.

चेंडू जमिनीला घासून, फार तिरका येत असेल तरही हा उंचीचा ताळा कमजोर पडतो. समज, आडवा वेग ४० आणि पडताना उभा वेग ५ आहे. मग अंतरात मीटरभर चूक झाली तरी उंचीत बाराच सेंटिमीटर दिसतील आणि तुझी १.७३ ची गोळाबेरीज ते सहज गिळून टाकेल. अशा वेळी करणी शेवटपर्यंत करणीच ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

त्या दुसऱ्या मुळाबद्दलही दोन शब्द. (t + 1) मधून आलेला उणे १ आपण सवयीने खोडतो. खोडण्याआधी क्षणभर बघ. तो म्हणतो, हाच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून निघाला असता, २० च्या उभ्या वेगाने, तर गच्चीजवळून जाताना त्याची अवस्था हुबेहूब तुझ्या फेकीसारखी असती. उणे १ आणि ३ यांच्या मधोमध १ येतो, तीच शिखराची वेळ. उजव्या बाजूची दोन्ही मुळं काढलीस आणि त्यांची सरासरी शिखराच्या वेळेशी जुळली नाही, तर तिथेच थांब, वर्गसमीकरणात चूक आहे. पाच सेकंदांचं काम आहे.

एक ठरलेली चूक चिन्हाची. काही मुलं विस्थापन उणे १५ ऐवजी अधिक १५ लिहितात, मग 5t² − 10t + 15 = 0 येतं आणि वर्गमुळाखाली ऋण संख्या. घाबरून ती चिन्ह पुसतात आणि पुढे जातात. समीकरण खरं तर बरोबरच बोलत असतं: १० च्या उभ्या वेगाने चेंडू गच्चीच्या वर पाचच मीटर चढतो, पंधरा मीटर वर तो कधीच पोचणार नाही. आणि दुसरी चूक म्हणजे पल्ल्याचं तयार सूत्र, u² sin 2θ / g, इथे चिकटवणं. त्याने ३४.६ येतं. चेंडू त्या अंतरावर दोन सेकंदांनी परत गच्चीच्या पातळीला असतो, खाली पंधरा मीटर उरलेलेच असतात. ते सूत्र फक्त सपाट मैदानाचं आहे.

आणि तिथूनच तुझी पैज.

४५ अंशांचा मंत्रही सपाट मैदानाचाच आहे. गच्चीवरून तो लागू होत नाही. ४५ अंशांना दोन्ही वेग सारखे, 10√2, म्हणजे १४.१४. उजवीकडे 15 + 10√2 t − 5t² = 0 सोडवलं की t = √2 + √5, म्हणजे ३.६५ सेकंद. डावीकडे गुणाकार: १४.१४ गुणिले ३.६५ म्हणजे ५१.६२ मीटर. आणि ३० अंशांचं होतं ५१.९६. म्हणजे ३० अंशांचा चेंडू जास्त लांब गेला, जेमतेम एक तृतीयांश मीटरने.

आता बघ, हे दोन आकडे खरोखरच जवळ आहेत. पेपर काढणाऱ्याने जवळ आणून ठेवलेले नाहीत. कारण दोन बाजूंकडे बघितलं की दिसतं. कोन ३० वरून ४५ केल्यावर उभा वेग वाढला, म्हणून चेंडू हवेत सुमारे २२ टक्के जास्त वेळ राहिला. पण आडवा वेग १८ टक्क्यांनी कमी झाला. एका बाजूची कमाई दुसऱ्या बाजूने जवळजवळ पुरती खाल्ली. सपाट मैदानावर ३० वरून ४५ कडे जाताना वेळेची कमाई आडव्या वेगाच्या नुकसानीला पुरून उरते. गच्चीवरून तसं होत नाही, कारण खालच्या पंधरा मीटरांच्या प्रवासाची वेळ प्रत्येक कोनाला आयतीच मिळते, त्यासाठी चेंडूला वर उसळावं लागत नाही. म्हणून उंचीवरून फेकताना थोडा सपाट कोन फायद्याचा. या गच्चीवरून या वेगाला सगळ्यात चांगला कोन साधारण ३७ अंश येतो आणि पल्ला ५२.९ मीटर. ३० आणि ४५ हे त्या शिखराच्या दोन बाजूंना बसलेत, म्हणून त्यांची उत्तरं शेजारी शेजारी.

'३० आणि ६० चा पल्ला सारखाच' हे पाठ असेल तर तेही या गच्चीवर विसर. ६० अंशांना इथे ४१.८ मीटरच येतात.

अशा खऱ्याखुऱ्या जवळच्या आकड्यांत गोळाबेरीज कशी दगा देते, ते मुद्दाम करून बघ. √3 ला १.७ आणि √2 ला १.४१ धरलं तर ३० अंशांचं उत्तर ५१.० येतं आणि ४५ अंशांचं ५१.४. क्रमच उलटा झाला! कोणता लांब गेला, या प्रश्नाचं उत्तर चुकलं, आणि एकही गुणाकार चुकलेला नाही.

परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही, मग १६ व्या की १७ व्या अंकापर्यंत भागाकार करत बसायचा का? नाही. करणी तशाच ठेव आणि त्यांचीच तुलना कर. ३० अंशांचं उत्तर 30√3. ४५ अंशांचं 10√2 × (√2 + √5), म्हणजे 20 + 10√10. दोन्ही दहाने भाग: 3√3 की 2 + √10? दोन्ही धन आहेत, वर्ग करायला हरकत नाही: 27 की 14 + 4√10? चौदा वजा कर: 13 की 4√10? पुन्हा वर्ग: 169 की 160? झालं. एकही दशांश न लिहिता निकाल लागला. मला ही रीत फार आवडते, कारण इथे शंकेला फट राहत नाही. मात्र ती तेव्हाच वापर जेव्हा प्रश्न 'कोणता जास्त' एवढाच विचारतो. किती जास्त, हे विचारलं असेल तर √10 ला ३.१६२ पर्यंत जावंच लागेल.

तुझा मित्र पैजेसाठी पुरावा मागेल आणि म्हणेल, चल, खरंच गच्चीवरून फेकून बघू. त्याला नको म्हण, फक्त शेजाऱ्यांसाठी नाही. २० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. या वेगाला हवेचा विरोध हिशोबात न धरून चालतं ते फक्त कागदावर. खरा चेंडू दोन्ही कोनांना कागदावरच्या अंतरापेक्षा अलीकडे पडेल आणि आपला फरक तर तेहतीस-चौतीस सेंटिमीटरचा आहे. हाताने फेकताना वेग आणि कोन इतके हुकतील की त्यात तो फरक कुठल्या कुठे बुडून जाईल. त्या फेकीवरून पैज कोणीच जिंकणार नाही.

सरावाला एक देतो. तीच गच्ची, तोच वेग, पण या वेळी चेंडू ३० अंशांनी खाली फेकलेला. वेळ काढताना उजव्या बाजूला फक्त एका पदाचं चिन्ह बदलेल. कोणतं ते बघ, आणि सोडवण्याआधीच विचार कर, दोन मुळं कोणती येतील. वर लिहिलेल्या उणे १ चा उपयोग तिथे होईल. पल्ला १७.३ मीटर आला पाहिजे.

तुझा,
सल्लागार सर